तासलेल्या डोक्यावर दुसऱ्याचा चेहरा: कपाळावरचा पट्टा कुठून येतो

प्रश्न: "आमच्या पेशवाईतल्या मालिकेत घोडदौडीचा शॉट आहे. पगडी पडते आणि स्वार मान वळवून मागे बघतो. दौड डबलने केली, त्याने गोटा करून शेंडी ठेवली आहे. मुख्य नटाला केस आहेत, दुसऱ्या कामामुळे तो ते काढू शकत नाही. त्याचा चेहरा वेगळा शूट करून डबलच्या डोक्यावर बसवला. नाक-डोळे जुळले, रंगही जुळवला, तरी मुखवटा चिकटवल्यासारखा दिसतो. कपाळावर पट्टा दिसतो आणि कडा कितीही मऊ केली तरी जात नाही. काय चुकतंय?"

कडा मऊ करणं आधी थांबवा. तो पट्टा कडेचा नाहीच. केसवाल्या डोक्यावर चेहरा बसवताना आपला सांधा केसांच्या रेषेत लपतो, ती सवय हाताला लागलेली असते. तासलेल्या डोक्यावर लपायला जागाच नसते. भुवईच्या वरून निघालेली कातडी टाळूपर्यंत एकसंध जाते आणि तिच्यावर तीन वेगवेगळ्या गोष्टी पसरलेल्या असतात: कवटीचा आकार, कातडीचा स्वतःचा रंग आणि वरची चमक. तुम्ही मास्कची कडा मऊ करता तेव्हा या तिन्ही गोष्टी एकाच जागी, एकाच प्रमाणात मिसळतात. रंग मिसळला तर चालतो. चमक मिसळली की नटाच्या कपाळावरची अर्धी आणि डबलच्या टाळूवरची अर्धी, अशा दोन फिकट चमका शेजारी उरतात. त्यांच्या मधली निस्तेज जागा म्हणजे तुमचा पट्टा.

मी सोळा वर्षं मुंबईत कंपोझिटिंग करते आणि गोट्याची अशी पाच-सहा कामं माझ्या हातून गेली आहेत. त्यावरून सांगते. काही गोष्टी तुमच्या फुटेजवर अवलंबून आहेत, त्या आधी बोलते. नटाचा चेहरा डबलसारख्याच दिशेच्या उजेडात शूट केला असेल, म्हणजे सूर्य त्याच बाजूला आणि साधारण त्याच उंचीवर, तर खाली सांगितलेलं सगळं लागू पडेल. स्टुडिओत सपाट उजेडात घेतला असेल, तर चेहऱ्यावरची सावलीच चुकीची असेल आणि कपाळ कितीही दुरुस्त केलं तरी शॉट वाचणार नाही. तेव्हा चेहरा पुन्हा शूट करणं स्वस्त पडतं. दुसरं म्हणजे फुटेज रॉ किंवा लॉग असावं. चमकेच्या जागी पांढरं जळालं असेल तर तिथे खाली कातडीचा रंग उरलेलाच नसतो. आणि नट व डबल दोघांचीही लेखी संमती घेतलेली असू द्या. चेहरा एकाचा आणि डोकं दुसऱ्याचं असतं, म्हणून दोघांचीही.

माझ्या एका कामाचं उदाहरण सोबत घेऊन चालते, कारण ते तुमच्या शॉटच्या फार जवळचं आहे. 74 फ्रेमचा शॉट, म्हणजे तीन सेकंदांहून थोडा जास्त. स्वार घोडा थांबवतो, डावीकडे मान वळवतो आणि शेवटी भुवया उंचावतो. सूर्य उजवीकडून, थोडा मागून. डबलचं डोकं कॅमेऱ्यासमोर असलेल्या फ्रेममध्ये 312 पिक्सेल रुंद होतं.

पहिली गोष्ट आकाराची. चेहरा जुळवताना बहुतेकजण डोळ्यांतलं अंतर आणि हनुवटी जुळवतात आणि पुढे जातात. केस असताना एवढं पुरतं, कारण कवटी नेमकी केवढी आहे हे कुणालाच दिसत नसतं. गोटा केला की ती उघडी पडते. आमच्या नटाचं डोकं कानांच्या वर 14.6 सेंटिमीटर रुंद आणि भुवयांच्या मधल्या बिंदूपासून मागच्या उंचवट्यापर्यंत 18.9 सेंटिमीटर लांब होतं. डबलचं 15.6 रुंद आणि 18.2 लांब. हे आकडे टोकं वाकलेल्या कॅलिपरने पाच मिनिटांत घेता येतात. केसांवरून मोजताना कॅलिपरची टोकं केसांतून कातडीपर्यंत दाबायची. शिवाय नटाला पोहण्याची घट्ट टोपी घालून चहूबाजूंनी साठ-सत्तर फोटो काढले, की फोटोंवरून कवटीचा थ्रीडी आकार उभा राहतो. टोपीखालच्या केसांची जाडी कॅलिपरच्या मापावरून वजा करायची.

डोकं 15.6 सेंटिमीटर आणि 312 पिक्सेल, म्हणजे एका सेंटिमीटरला 20 पिक्सेल. समोरून बघताना डबलची कवटी दोन्ही बाजूंनी दहा-दहा पिक्सेल आत घ्यायला हवी होती. पण मान वळून बाजू दिसायला लागली की तोच माणूस उलट मागे 14 पिक्सेल लांब हवा होता. सपाट चित्र ओढून-ताणून हे करायला गेलात तर मान वळताना डोकं रबरासारखं हलेल. आम्ही डबलच्या डोक्याचा थ्रीडी साचा शॉटमधल्या हालचालीला जुळवला, त्यावर मूळ चित्र प्रोजेक्ट केलं, आणि मग साचाच डबलच्या मापावरून नटाच्या मापावर आणला. मग वळण्यात कुठेही धक्का येत नाही. रुंदी कमी केल्यावर डोक्याच्या मागचं आकाश उघडं पडतं, त्यासाठी पार्श्वभूमीची स्वच्छ प्लेट लागते. ती शूटच्या दिवशीच घ्या.

चेहरा या साच्यावर बसवताना डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि कानाच्या छिद्रापुढचा लहानसा उंचवटा यांना जोडणारी रेषा जुळवा. गालाची कड जुळवू नका, गाल माणसागणिक वेगळे असतात. नंतर एक साधी परीक्षा: समोरून पाहिलं तर टाळूपासून हनुवटीपर्यंतच्या उंचीच्या साधारण मध्यावर डोळे यायला हवेत. चेहरा जरा मोठा बसला तर डोळे वर सरकतात आणि कवटी लहान दिसते. बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण मुखवट्याचा भास तिथूनच सुरू होतो. दोन शूटमधली लेन्स किंवा कॅमेऱ्याचं अंतर वेगळं असेल तर हा बिघाड आणखी वाढतो. जवळून घेतलेल्या चेहऱ्यात कान मागे दडतात, नाक पुढे येतं, आणि मग कुठलंच माप नीट बसत नाही.

आता मुख्य मुद्दा, चमकेचा. कातडीवरून आपल्याकडे येणारा उजेड दोन वाटांनी येतो. काही उजेड कातडीत शिरतो, आत विखुरतो, रंग घेऊन बाहेर पडतो. काही वरच्या तेलकट थरावरूनच परत फिरतो. वरून परतणारा उजेड कातडीचा रंग घेत नाही, तो दिव्याच्या रंगाचाच राहतो. संगणकशास्त्रज्ञ स्टीव्हन शेफर यांनी 1985 मध्ये ही गोष्ट गणितात मांडली आणि आपल्या कामाला ती फार उपयोगी आहे, कारण एका पिक्सेलमधून या दोन भागांची वजाबाकी करता येते.

आधी चित्र लिनियरमध्ये न्या आणि ग्रे कार्डने उन्हाचा रंग पांढरा करून घ्या. मग गालाच्या हाडाखाली, जिथे उजेड आहे पण चमक नाही, अशा जागी कातडीचं प्रमाण मोजा. आमच्या नटाचं लाल, हिरवा, निळा असं 1 : 0.62 : 0.44 आलं. चमक तिन्ही रंगांत सारखीच मिळते, म्हणून लाल आणि निळ्याच्या वजाबाकीत ती उडून जाते आणि नुसती कातडी उरते. न्यूक या कंपोझिटिंग सॉफ्टवेअरच्या `Expression` नोडमध्ये चमक अशी मिळते:

```
max(0, r - (r-b)/(1-0.44))
```

कपाळावरचा एक पिक्सेल घ्या. लाल 0.62, निळा 0.40. फरक 0.22, त्याला 0.56 ने भागलं की कातडी 0.39. उरलेली 0.23 ही चमक. म्हणजे त्या जागी एक तृतीयांशाहून जास्त उजेड नटाच्या कातडीचा नव्हताच, तो त्या दिवशीच्या उन्हाचा होता. तुमच्या कंपोझिटमध्ये हा 0.23 नटाच्या कपाळाला चिकटून आला आहे आणि कपाळाबरोबर ट्रॅक होतो आहे.

हे का खटकतं ते समजून घ्या. चमक कातडीला बांधलेली नसते. गुळगुळीत गोळा स्वतःभोवती फिरवला तर त्याच्यावरचा दिव्याचा ठिपका जागचा हलत नाही, खालचा पृष्ठभाग सरकतो. डोकं अगदी गोल नसतं, म्हणून ठिपका थोडा सरकतो, लांबट होतो, कपाळाच्या दोन उंचवट्यांवर आला की कधी दुभंगतो. पण तो कातडीबरोबर वाहून जात नाही. माझ्या सुरुवातीच्या एका कामात मी चेहऱ्याबरोबर आलेली चमक तशीच ठेवली होती. स्थिर फ्रेम छापून भिंतीवर लावावी इतकी चांगली होती. मान वळायला लागली की कपाळावर पांढरा रंग लावल्यासारखा तो डाग चेहऱ्याबरोबर फिरायचा. आठवडाभर मी रंग जुळवत बसले होते आणि दोष रंगात नव्हताच.

म्हणून आता मी असं करते. नटाच्या चेहऱ्यावरून भुवयांच्या वरची चमक पूर्ण काढते. नाक, गाल, ओठ यांच्यावरची राहू देते, कारण उजेडाची दिशा एक असेल तर ती बरोबरच असते. डबलच्या डोक्यावरूनही भुवईपासून शेंडीच्या घेऱ्यापर्यंत सगळी चमक काढते, पण ती फेकून देत नाही, वेगळी जपून ठेवते. मग चमक नसलेल्या दोन कातड्या एकमेकींत मिसळते. इथे कडा मऊ केली तर चालते, कारण आता फक्त रंग मिसळतो आहे. आणि त्यावर डबलची जपलेली चमक, भुवईपासून टाळूपर्यंत अखंड, `plus` ने परत चढवते. ती खऱ्या उन्हात, खऱ्या हालचालीत, खऱ्या गोल डोक्यावर पडलेली चमक आहे. सांध्यावरून ती सलग जाते आणि पट्टा निघून जातो.

आमच्या शॉटमध्ये पहिल्या 50 फ्रेमना एवढंच पुरलं. पुढे नटाने भुवया उंचावल्या आणि त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. डबलचं कपाळ तेव्हा सपाट होतं. त्याची गुळगुळीत चमक आठ्यांच्या खोबणीवरून तशीच सरळ जायला लागली, जणू कपाळावर काच ठेवली आहे. तेवढ्या 24 फ्रेमसाठी चमक नव्याने रेंडर करावी लागली. नटाच्या मापाच्या साच्यात आठ्या घडवल्या, लोकेशनवर घेतलेला एचडीआरआय, म्हणजे तिथल्या चहूबाजूंच्या उजेडाची नोंद असलेला फोटो, लावला आणि फक्त वरची परावर्तनं रेंडर केली. कातडीचा अपवर्तनांक 1.4 धरायचा. त्यातून समोरासमोर बघताना जेमतेम 3 टक्के उजेड परततो आणि कडेकडे तो झपाट्याने वाढतो. मी दोन थर ठेवते: एक पसरट, खरखरीतपणा 0.5 च्या आसपास, आणि त्यावर तेलाचा बारीक थर, 0.3 च्या आसपास. हे सुरुवातीचे आकडे आहेत. शेवटचे आकडे डबलच्या खऱ्या चमकेशेजारी ठेवूनच ठरतात.

रेंडर करताना लोक सूर्य लावतात आणि आकाश विसरतात. उघड्यावरच्या गोट्यावर दोन चमका असतात. एक सूर्याची, लहान आणि उबदार. दुसरी आकाशाची, टाळूवर पसरलेली, अगदी फिकी आणि किंचित निळसर, जी कवटीच्या कडेपाशी वाढत जाते. ही दुसरी नसली की डोकं कापून चिकटवल्यासारखं दिसतं आणि आपण पुन्हा मास्कची कड तपासत बसतो. वरचं सूत्र ही निळी चमक नीट पकडत नाही, कारण त्यात पांढऱ्या उजेडाचं गृहीत आहे. म्हणून उन्हातला भाग आणि सावलीतला भाग वेगळे मोजावे लागतात. सावलीच्या बाजूचं ग्रे कार्डही सावलीतच धरलेलं हवं.

सूत्र आणखी एका जागी फसवतं, आणि तुमच्या शॉटमध्ये ती जागा नक्की आहे. वस्तरा फिरवलेल्या जागी खुंटांमुळे कातडी करडी होते. करडं म्हणजे लाल आणि निळ्यातला फरक कमी. सूत्राला वाटतं की इथे चमक आहे. मग चमक काढताना तुमची केसांची छायाच निघून जाते आणि परत चढवताना पांढरट धूर होऊन बसते. त्यामुळे खुंटांच्या भागाचं प्रमाण तिथेच, चमक नसलेल्या जागी, वेगळं मोजा आणि दोन भागांना दोन आकडे वापरा. कानामागची सावलीकडची बाजू यासाठी बरी असते, फक्त त्याच सावलीतल्या ग्रे कार्डने ती आधी पांढरी करून घ्या.

इथून छायेकडे येते. केसांची रेषा तासल्यावरही पुसली जात नाही. कातडीखाली केसांची मुळं काळीच असतात. लाल उजेड कातडीत खोल जातो, मुळांपर्यंत पोचतो आणि तिथे गिळला जातो. निळा उजेड बराचसा वरच्या थरांतूनच परततो. म्हणून छाया लाल रंगात सर्वांत जास्त दिसते आणि निळ्यात सर्वांत कमी. गोऱ्या कातडीवर ती निळसर भासते. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर ती पाटीच्या रंगाची, करडी दिसते. म्हणून वरून निळा रंग फासू नका. आमच्या नटासाठी मी छायेच्या जागी लाल 20 टक्के, हिरवा 14 आणि निळा 9 टक्के उतरवला, आणि तोही गुणाकाराने, चमक नसलेल्या कातडीवर. चमक त्यानंतर. हा क्रम उलटला तर चमकेवरही छाया पडते आणि डोकं मळकट दिसतं.

छायेची हद्द नटाची हवी, डबलची नव्हे. प्रेक्षकाने नटाला इतर प्रसंगांत पाहिलेलं असतं. कानशिलाजवळ त्याच्या केसांची रेषा किती मागे जाते हे डोळ्यांत बसलेलं असतं. केस मागे ओढून घेतलेल्या फोटोवरून ती उतरवून घ्या. ती रेघ म्हणून काढू नका. पुढच्या कडेला केस विरळ आणि बारीक असतात, मग हळूहळू दाट होतात. माझ्या शॉटमध्ये हा बदल साधारण एका सेंटिमीटरात, म्हणजे 20 पिक्सेलमध्ये, उतरवला आणि त्याची कड जागोजाग कमीजास्त ठेवली.

खुंटांचे ठिपके काढायचे का, हे माप सांगतं. माझ्या शॉटमध्ये एक पिक्सेल म्हणजे अर्धा मिलिमीटर. डोक्याच्या केसाची जाडी साधारण एक दशांश मिलिमीटरहूनही कमी. एकेक खुंट तिथे दिसूच शकत नाही. ठिपके काढले असते तर ते पिसवांसारखे वळवळले असते. तिथे छाया आणि अगदी हलका कणीदारपणा पुरतो. क्लोजअपमध्ये डोकं 1500 पिक्सेल रुंद असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा खुंट दिसतात, एकेकटे किंवा दोन-तीनच्या झुबक्यांत, आणि त्यांची दिशा भोवऱ्यापासून फिरत निघते. असा शॉट असेल तर सांधा वर नेऊ नका, डबलचीच टाळू जशीच्या तशी ठेवा.

दोन दिवसांचं शूट असेल तर केस रोज साधारण एक तृतीयांश मिलिमीटर वाढतात हे ध्यानात ठेवा. डबलची हजामत दोन्ही दिवशी एकाच वेळी व्हायला हवी, नाहीतर सकाळचा गोटा आणि दुसऱ्या दिवशी दुपारचा गोटा एका कटमध्ये जुळत नाहीत. खुंट वाढले की छाया गडद होते आणि चमक तुटते, निस्तेज होते. टक्कल आणि गोटा यांतला फरकही इथेच आहे. कायमचं टक्कल पडलेल्या टाळूवर छाया नसते आणि चमक जास्त अखंड असते. तासलेल्या टाळूवर खुंट आणि केसांची भोकं चमकेला सारखी मोडत राहतात. तुमच्या डबलला मुळातच पुढून टक्कल असेल आणि नटाला नसेल, तर छाया पूर्ण घालावी लागेल आणि चमक थोडी खरखरीतही करावी लागेल.

एक गोष्ट अजून सांगायची राहिली, नटाच्या कपाळाच्या वरच्या भागाची. त्याला केस आहेत, म्हणून शूटच्या वेळी केसांनी तिथे येणारा आकाशाचा उजेड अडवला आहे आणि कपाळाच्या वरच्या दोन बोटांच्या जागेत व कानशिलांवर मंद काळोख पडला आहे. चमक काढल्यावर तो उघड दिसतो. सांधा या काळोखाच्या खाली घ्या किंवा काळोख उचलून घ्या. माझा सांधा मी आठ्या जिथे विरतात तिथे ठेवते. कपाळ उंचावणारा स्नायू तिथपर्यंतच आठ्या पाडतो. त्याच्या वर कातडी घट्ट पडद्यासारखी असते. बाजूला सांधा कानशिलाच्या खळग्याच्या वरच्या कडेने, हाडाची कमानदार रेघ हाताला लागते तिच्यावरून, उतरवायचा आणि कल्ल्याच्या पुढे संपवायचा. भुवया वर गेल्या की डबलची टाळूही दोन-तीन पिक्सेल पुढे सरकवा. माणसाची कातडी तशी सरकते. संवाद असेल तर कानशिलाकडेही बघा. जबडा हलला की तिथला स्नायू फुगतो, आणि गोट्यावर ते स्पष्ट दिसतं. आमचा स्वार बोलत नव्हता, म्हणून ते काम वाचलं.

रंगाचा एक निर्णय मात्र तुम्हाला दिग्दर्शकाबरोबर घ्यावा लागेल. नुकताच गोटा केलेल्या माणसाची टाळू कपाळापेक्षा उजळ असते, कारण तिला ऊन लागलेलं नसतं. तुमचा स्वार मात्र वर्षानुवर्षं डोकं तासणारा आणि बाहेर पगडी घालणारा आहे. अशा माणसाच्या कपाळावर उन्हाने रापलेला भाग पगडीच्या कडेपाशी थांबेल आणि वर फिका पडेल. म्हणजे कपाळावर एक खरी, सौम्य हद्द असायलाच हवी. डबलने उघड्या डोक्याने महिनाभर सराव केला असेल तर ती त्याच्या डोक्यावर नसेल. आम्ही ती घातली, कातडीच्या थरात, अगदी हलकी, कानांच्या वरून तिरपी जाणारी. चमक तिच्यावरून न अडखळता गेली आणि म्हणून ती सांध्यासारखी दिसली नाही.

तपासायला मी पूर्ण चित्र फार कमी बघते. निळा चॅनेल एकटा बघा. त्यात कातडी सर्वांत काळी असते म्हणून चमकेतली प्रत्येक फट उठून दिसते. लाल चॅनेलमध्ये केसांची छाया बघा. मग संतृप्ततेचं चित्र काढा. चमक जिथे कमी पडली तिथे कातडी जास्त रंगीत दिसते, आणि जुना पट्टा उरला असेल तर इथे तो आडव्या फितीसारखा समोर येतो. शेवटी डोक्याची हालचाल स्थिर करून शॉट चालवा, म्हणजे डोकं जागेवर आणि जग फिरतं. आता सूर्याची चमक कातडीवरून सरकताना दिसायला हवी. ती कपाळावर जागच्या जागी थांबून राहिली, तर नटाच्या प्लेटमधली थोडी चमक अजून आत शिल्लक आहे. गालाचं प्रमाण पुन्हा मोजा. बहुतेक वेळा मोजायला निवडलेल्या जागेतच थोडी चमक असते आणि 0.44 चा आकडा फुगलेला असतो.

तुमच्या शॉटमध्ये सगळ्यात आधी डबलच्या डोक्यावरची चमक वेगळी काढून नुसती तीच काळ्यावर चालवून बघा. भुवईपासून टाळूपर्यंत ती सलग आणि न जळालेली मिळाली, तर थ्रीडी रेंडरशिवाय तुमचा पट्टा जाईल. मधे पांढरं जळालेलं निघालं, तर तेवढाच भाग रेंडर करून भरा आणि बाकी डबलची ठेवा.